चिखलाची उसंत

सोलापूरच्या माणसाला समुद्र दाखवला की तो आधी विचारतो, "यात गोडं पाणी कुटं हाय?" मीही हेच विचारलं होतं. शुक्रवार पेठेत ही गोष्ट सांगताना मी म्हणायचो, की मला पाहून समुद्र तीन पावलं मागं सरकला. तेव्हा ओहोटी लागली होती, एवढंच. पण तीन पावलं सरकला, हे खरं.

एकोणीसशे तिसाच्या थोडं आधीची गोष्ट. दुष्काळी कामावर खडी फोडून हात घट्ट झालेली आमची टोळी, चाळीसेक माणसं, काही मंद्रूपची, काही मैंदर्गीची. एका ठेकेदारानं आम्हाला कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी नेलं. तिथं बंदरासाठी समुद्रात दगडाचा बांध घालायचा होता. मी मुकादम. चौथी पास, म्हणून टोळीत मीच पंडित. माझ्या टोळीतला एक गडी डाव्या हातानं असा दगड फेकायचा की तो आकाशात फुटायचा आणि खाली येताना खडी होऊनच यायचा, हे मी त्या काळात लोकांना शपथेवर सांगत असे. लोक हसत, आणि मला हसवायला आवडे. पुढं हेच मला फार जड जाणार होतं, पण ते पुढं.

कामावर एक इंजिनियर होते, पुण्याकडचे, बारीक, कमी बोलणारे. दर पंधरा दिवसांनी ते दुसऱ्या बंदराहून येत, दोन दिवस राहत आणि जात. पहिल्याच दिवशी त्यांनी टोळीला वाळूवर बसवलं आणि जेवणाच्या ठिकाणाहून दह्याची पुरचुंडी मागवली. फडक्यात घातलेलं ओलं दही. त्यांनी त्यावर एकदम मोठा गुळगुळीत गोटा ठेवला. दही फडक्याच्या बाजूंनी पचकन बाहेर आलं आणि गोटा तिरका होऊन पडला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"दही नासलं," मंद्रूपची आक्का म्हणाली. ही आमच्यातली सगळ्यात मोठी बाई, टोपल्यांची टोळी तिच्या हाताखाली. जीभ छिनीसारखी.

इंजिनियर हसले नाहीत. दुसरी पुरचुंडी घेतली, तिच्यावर छोटा खडा ठेवला आणि दुसरं काम करत बसले. पाणी थेंब थेंब गळत राहिलं. तासाभरानं त्यावर जरा मोठा खडा. दुपारनंतर तोच मोठा गोटा ठेवला. चक्क्यानं तो पेलला. "समुद्राच्या तळाशी तीस फूट जाड चिखल आहे," ते म्हणाले. "दगड टाकला की चिखलातलं पाणी दाबलं जातं. त्याला बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. पाणी गेलं की चिखल घट्ट होतो आणि मग पुढचा थर पेलतो. वेळ दिला नाही तर चिखल दगडाखालून बाजूला पळतो आणि सगळा बांध खाली जातो. थर घाला, थांबा. थर घाला, थांबा. समजलं?"

"समजलं की," आम्ही सगळे म्हणालो. आमच्याकडं विहिरीच्या थारोळ्यात दगड बसला की बसला, त्याला विचारायचं काय? पण साहेब बोलले, म्हणून समजलं.

तळाशी आधी वाळू आणि बारीक खडीची रुंद चादर अंथरली, म्हणजे वजन पसरावं आणि मोठे दगड सरळ चिखलात रुतू नयेत. त्या चादरीवर अंतराअंतरानं लोखंडी पाट्या ठेवल्या. प्रत्येक पाटीला एक उंच काठी, पाण्याच्या वर डोकं काढणारी, तिच्यावर रंगानं खुणा. पाटी चिखलाबरोबर खाली जाई, काठी तिच्याबरोबर. किनाऱ्यावरच्या दुर्बिणीतून मी रोज त्या खुणा वाचून वहीत लिहायचो. आठवड्यात काठी बोटभरसुद्धा खाली गेली नाही, तरच पुढचा थर. हा साहेबांचा नियम.

दुसरं काम होतं बांधाच्या दोन्ही बाजूंना खोली मोजायचं. शिश्याचं वजन बांधलेली दोरी सोडून. त्यासाठी गावातला एक म्हातारा तांडेल होता. हा होडीवाला तीस वर्षं खाडीच्या तोंडातल्या वाळूच्या रांगांवरून गलबतं आत आणायचा. धुक्यातही तो दोरी टाकून सांगायचा, "सोळा हात." गलबतवाल्यांना तेवढं पुरे. त्याच्या तोंडच्या आकड्यावर गलबतं चालत. बांधाच्या बाजूला तळ जरा जरी वर आला, तर काम त्याच क्षणी थांबवायचं, असं साहेबांनी बजावलं होतं. चिखल पळू लागला की आधी तो बाजूला फुगतो.

तांडेल माझ्यावर खूश होता. माझ्या बाता ऐकून तो दंतहीन तोंड वासून हसायचा. "मुकादमा, तुझा सोलापूर केवढा मोठा असा?" तो विचारायचा. मी सांगायचो, "तांडेल, आमच्या गिरणीचा भोंगा वाजला की तुमच्या गावातली कोंबडी जागी होतात." तो म्हणायचा, "म्हणान माझी कोंबडी अंडी घालत नाय."

पहिला थर दिवाळीनंतर झाला. मग थांबलो. दुसरा थर संक्रांतीनंतर. मग पुन्हा थांबलो. आणि थांबण्यातच माझी परीक्षा लागली.

आमचं सगळं काम पाण्याखाली! सकाळपासून संध्याकाळपर्यंत पडावातून, म्हणजे सपाट बुडाच्या होडीतून, दगड टाकायचे आणि पाण्यावर काहीच नाही. मंद्रूपला शेताचा बांध घातला की संध्याकाळी मागं वळून पाहता येतो. इथं पाहायचं काय? लाटा! गावचे पडाववाले धक्क्यावर बसून आम्हाला बघत. त्यांच्यातला एक ढेरपोट्या रोज म्हणायचा, "सोलापुरी पावणे दर्यात धोंडे पेरतत. शिमग्याक कापणी करतले."

आक्का त्याला म्हणायची, "तुझ्या पोटात पेरले असते तर पीक आलं असतं." पण घरी येताना ती मला म्हणायची, "मुकादम, आमी हितं काय करतोय, आमाला बी दिसंना झालंय. गावाकडं गेल्यावर काय सांगायचं? पाण्यात दगड टाकला अन् पाण्यानं गिळला?"

एके दिवशी धक्क्यावर ढेरपोट्यानं पुन्हा तेच म्हटलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, सगळ्यांच्या समोर, मोठ्यानं: "शिमग्याच्या आत ढीग पाण्यावर दाखवतो. त्या ढिगावर उभं राहून तुमाला सगळ्यांना आमच्या शेंगाचटणीची चिमूट देतो. मी सोलापूरचा हाय!"

टाळ्या पडल्या. माझ्या टोळीनं पहिल्यांदाच छाती काढली. आता मागं फिरायचं कसं?

दुसरा थर घालून तेव्हा पंधरा दिवसच झाले होते. काठ्या अजून रोज बोटभर खाली जात होत्या. रोज! नियम सांगत होता आठवड्याला बोटभरसुद्धा नको. दुर्बिणीत डोळा घालून मी त्या खुणा पाहिल्या, आणि वहीत काठी बसलेली लिहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. मी स्वतःला सांगितलं, की आज ना उद्या बसणारच आहे, मी फक्त दोन आठवडे आधी लिहितोय. बाता मारणाऱ्याला हे सोपं जातं. आकडाही एक बातच, असं वाटतं.

साहेब आले, वही बघितली, समाधान पावले. मी काठ्या त्यांना लांबून, नुसत्या डोळ्यांनीच दाखवल्या, आणि एका दिवसात काठी किती हलली हे दुर्बिणीशिवाय कोणाला दिसणार? तिसऱ्या थराची परवानगी देऊन ते गेले.

आम्ही तुटून पडलो. ट्रॉल्या, पडाव, टोपल्या. माझ्या टोळीनं आठ दिवसांत जे केलं ते दहा हत्तींनी केलं नसतं, आणि ही बात नाही, फक्त हत्ती मोजलेले नाहीत. थर सगळीकडं सारखा घालायचा होता. पण मला ढीग हवा होता, डोकं वर काढणारा. म्हणून एकाच ठिकाणी, मध्यावर, दगडावर दगड.

चौथ्या दिवशी तांडेलानं होडीतून दोरी टाकली, ओढली, पुन्हा टाकली. ओहोटीच्या खुणेवरून पाण्याची उंची वजा केली. मग हाक दिली, "मुकादमा, तळ वर इलो. सोळा हात होते, आज पंधरा."

मी होडीत होतो. वही मांडीवर. "भरती-ओहोटीत चूक झाली असेल, तांडेल."

"माझी?" तो हसला नाही. "मी गलबता आणतंय ह्या दोरीवर."

दोन दिवसांनी तो म्हणाला, "चौदा. मुकादमा, ह्या लिव. साहेबाक तार धाड."

मी लिहिलं: सोळा.

त्यानं वहीत पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं, तो मात्र त्याला वाचता येत होता. त्यानं दोरी गुंडाळून ठेवली. मी सोलापूरचा मुकादम, साहेबाचा माणूस. तो होडीवाला.

शिमग्याच्या आधी ढीग पाण्यावर आला. पुरुषभर वर. मी त्यावर चढलो, हातात शेंगाचटणीची पुडी, आणि अख्खं गाव धक्क्यावर. पडाववाले होड्यांतून आले. ढेरपोट्यानंही चिमूट घेतली आणि तिखटानं डोळे पुसले. "घे, सोलापूर डोळ्यातून आलं तुझ्या!" मी ओरडलो. मैंदर्गीची पोरं कानडी गाणी म्हणत हलगीच्या ठेक्यावर नाचली. आक्का म्हणाली, "आता गावात सांगता येईल." तांडेल होडीतच बसून होता. मी पुडी त्याच्याकडं धरली. तो म्हणाला, "उतर मुकादमा. खाली धर नाय." मी हसलो आणि उतरलो नाही.

दुसऱ्या दिवशी मोठी ओहोटी होती, पौर्णिमेची. ओहोटीनं काय होतं हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर साहेबांनी समजावलं. पाण्यात बुडालेला दगड हलका असतो, पाणी त्याला उचलून धरतं. ओहोटीला पाणी खाली गेलं की दगड उघडा पडतो आणि त्याचं सगळं वजन चिखलावर येतं. त्या दिवशी संध्याकाळी समुद्र सगळ्यात खाली गेला होता. बांधाच्या पायाशी एक पडाव बांधलेला, त्यावर मैंदर्गीचे दोन गडी दगड लोटत होते. दोघांनाही पोहता येत नव्हतं. आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं.

आधी आवाज आला नाही. माझ्या सांगण्यात पुढं मोठा गडगडाट असायचा, पण तो खोटा. आवाज नव्हताच. ढिगाचं डोकं हळूच समुद्राच्या बाजूला कलू लागलं, जसा म्हातारा खुर्चीत पेंगतो. दगड एकमेकांवर घसरले, चुरचुर झाली, इतकंच. मी बिडी पेटवली होती, ती संपायच्या आत सगळा ढीग पाण्याखाली गेला. आणि बांधाच्या पायाला लागून, जिथं तांडेल तळ वर आला म्हणत होता, तिथं समुद्रातून काळी चकचकीत पाठ वर आली. चिखल. दगडाखालून पळालेला सगळा चिखल. त्यानं पडावाला खालून उचललं, पडाव एका कुशीवर झाला, आणि दोन्ही गडी पाण्यात.

मी धक्क्यावरून ओरडत राहिलो. उतरला तो तांडेल. होडी त्या फेसाळत्या चिखलात घातली, एकाला केसाला धरून, दुसऱ्याला वल्ह्याला लटकवून वर घेतलं. दोघे जिवंत राहिले. एकाच्या कानातून दोन दिवस चिखल निघत होता.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. रंग उडालेला चेहरा. त्यांनी वही घेतली, पानं उलटली. काठ्या बसलेल्या, खोली सोळाच. त्यांनी दोन्ही बाजूंना स्वतः दोरी टाकली आणि बसले. मग विचारलं, "बाजूची खोली कोण वाचत होतं?"

हा प्रश्न त्यांनी मला एकट्याला विचारला नाही. धक्क्यावर होते गावचे पडाववाले, गलबतांचे मालक, माझी टोळी. तांडेल होडीच्या टोकावर उभा.

मी म्हणालो, "तांडेल सांगायचा, साहेब. मी लिहायचो."

साहेब त्याच्याकडं वळले. "सोळा हात सांगितलं तू?"

तांडेलानं माझ्याकडं पाहिलं. मी वहीकडं पाहिलं. "मी चौदा सांगितलंय," तो म्हणाला.

"वहीत सोळा आहे."

"माका वही वाचता येत नाय."

एवढंच. साहेबांनी त्याला कामावरून काढलं. पण ते काहीच नव्हतं. धक्क्यावर गलबतांचे मालक ऐकत होते, की ह्या म्हाताऱ्याच्या दोरीला आता दोन हातांची चूक होते. पुढच्या आठवड्यात खाडीत आलेल्या गलबतानं दुसरा वाटाड्या घेतला. त्याच्या पुढच्यानंही. शिमगा संपता संपता तांडेल घरात बसला. त्याची होडी उलटी पडलेली मी रोज कामावर जाताना पाहत होतो.

पावसाळ्यात आम्ही सोलापूरला परतलो. शेजारचे तेलुगू साळी, मिलमधले लोक, सगळे माझ्याभोवती जमत. मी सांगायचो: समुद्रानं एका घोटात डोंगर गिळला, मी उडी घेऊन दोन जणांना ओढलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तीन जण झाले. एकदा बायकोनं विचारलं, "त्या म्हाताऱ्या होडीवाल्याचं काय झालं मग? आधी तुम्ही सांगायचात त्याचं." मी त्या दिवशी गोष्ट मधेच सोडून उठलो.

पावसाळ्यानंतर पुन्हा कोकणात गेलो. साहेब आता तिथंच मुक्कामाला होते, आणि त्यांनी रीत बदलली होती. मूळ बांधाच्या दोन्ही बाजूंना, जिथं चिखल फुगला होता, तिथं आधी रुंद, बुटके दगडी पट्टे घालायचे. बाजूला वजन असलं की खालचा चिखल बाजूला फुगायला पाहतो तेव्हा त्याला दाब बसतो. मग मधला बांध, पातळ थरांनी, प्रत्येक थरामागं दोन-तीन महिने. "दोन वर्षं लागतील," साहेब म्हणाले. त्यांनी मला पुन्हा वाचनाला बसवलं, कारण त्यांच्या मते मी विश्वासाचा माणूस होतो. दुर्बिणीत डोळा घालायच्या आधी मी वही मिटून त्यांच्यासमोर ठेवली. मी सांगितलं. सगळं. काठ्यांचं, दोरीचं, शिमग्याचं.

साहेबांनी वही जवळ ओढली. "मग तुला काढतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही. इथंच राहा. प्रत्येक आकडा तू वाचशील, आणि तो प्रत्येक आकडा मी पुन्हा वाचीन." त्याच दिवशी त्यांनी वहीत लिहिलं, की खोली तांडेलानं बरोबर सांगितली होती, मुकादमानं खोटी लिहिली, आणि खाली माझी सही घेतली. मग मला त्याच्या घरी पाठवलं, कामावर बोलवायला.

तांडेल जाळं विणत होता. मी त्याच्या पायाशी बसलो. सांगितलं. तो विणतच राहिला. शेवटी म्हणाला, "कामाक येतंय. पण तू धक्क्यार सांग. सगळ्यांका. त्या दिवशी होते तितक्यांका."

मी कबूल झालो. आयुष्यात मला बोलायची भीती कधी वाटली नव्हती.

धक्क्यावर मालक, पडाववाले, टोळी, सगळे जमले. तांडेल मागं उभा. मी बोललो. "खोली चौदाच होती. तांडेलानं सांगितली. मी सोळा लिहिली. काठ्या खाली जात होत्या, मी त्या बसलेल्या लिहिल्या. बांध मी बुडवला."

मग ढेरपोट्याला हसू फुटलं. "ऐका! पावण्याची नवी बात! काल आकाशात फुटणाऱ्या धोंड्याची, आज ही. आता म्हणात समुद्र त्यानंच खणल्यान!"

सगळे हसले. माझी टोळीही हसली, सवयीनं. आक्का हसली नाही, पण ती खाली बघत होती. मी ओरडलो, "बात न्हाय! खरं हाय! साहेबांच्या वहीत सही हाय माझी!" आणि मी जितका ओरडलो तितकं हसू वाढलं, कारण माझा आवाज तोच होता ज्यानं मी डाव्या हातानं दगड फोडणारा गडी सांगायचो. दुसरा आवाज माझ्याजवळ नव्हताच. मी हात जोडले, तर कुणी तरी टाळ्या वाजवल्या. सोंग चांगलं वठलं, म्हणाले.

मी वळून पाहिलं. तांडेल हसत नव्हता. रागावलेलाही नव्हता. जवळ आला आणि हळू म्हणाला, "तुझ्या साहेबान वहीत लिवल्यान, ता बरा झाला. पण माका वहीत रवूचा नाय, मुकादमा. माका ह्या गावात रवूचा असा."

आणि तो कामावर आला नाही. साहेब स्वतः त्याच्या घरी गेले, धक्क्यावर बोलले, वहीतलं पानही वाचून दाखवलं. मालक मान डोलवत, आणि गलबतं दुसऱ्या वाटाड्यामागून आत येत.

बांध दोन वर्षांत झाला. बसला आहे. आज त्याच्यावर गाड्या चालतात, म्हणतात. मी काठ्या वाचत राहिलो, खऱ्या, रोज, पुन्हा दुर्बिणीतून साहेबांनी वाचलेल्या. बाजूची दोरी दुसरा होडीवाला टाकायचा, नवखा. तो आकडा ओरडायचा आणि मी लिहायच्या आधी त्याला विचारायचो, "नक्की?" तो चिडायचा. एकदा म्हणाला, "तांडेल असतो तर तुका विचारूची गरज नसती."

हे मी लिहून ठेवतोय, कारण तोंडानं सांगितलं की माझी माणसं हसतात. शुक्रवार पेठेत मी आजही पहिलं वाक्य सांगू लागलो, की समुद्र तीन पावलं मागं सरकला, की जवळचा माणूस तंबाखू मळायला लागतो आणि आरामात पाठ टेकतो. त्याला कळलेलं असतं की आता गोष्ट सुरू होणार.